स्क्वॉट 95 किलोवर अडलाय: प्रकल्प नोंदी

6 जानेवारी 2025, सोमवार

ही वही एका मुलीसाठी वेगळी काढली आहे. वय 24, विद्यापीठात एम.एस्सी. करते, राजारामपुरीत खोली घेऊन राहते, पॉवरलिफ्टिंगमध्ये 57 किलो गटात खेळते. नाव लिहू नका असं तिनेच सांगितलंय, म्हणून नोंदींत फक्त 'ती'.

सप्टेंबरपासून तिचे तिन्ही लिफ्ट जागेवर आहेत. स्क्वॉट 95, बेंच 47.5, डेडलिफ्ट 112.5. त्याआधीच्या वर्षात दर दोन-तीन महिन्यांनी काहीतरी वाढत होतं. व्यायामाचा कार्यक्रम दोनदा बदलून झाला, एकदा सेट वाढवले, एकदा वजन वाढवून रेप्स कमी केले. दोन्ही वेळा पहिले काही दिवस बरे गेले आणि गाडी पुन्हा तिथंच.

आता तिसरा कार्यक्रम लिहायच्या आधी एक गोष्ट नीट तपासायची आहे: तिला पुरेसं अन्न मिळतंय का? तिचं वजन गेले सहा महिने 56.4 ते 56.9 किलोच्या मध्येच आहे. "वजन उतरत नाही म्हणजे खाणं बरोबर आहे" हे ती म्हणते, तिची आई म्हणते आणि जिममधले निम्मे लोकही म्हणतात. माझा या वाक्यावर विश्वास नाही. खाणं बराच काळ कमी राहिलं की शरीर खर्च आवरतं. माणूस कमी हालचाल करतो, बसल्या जागी पाय हलवणं, उगीच उठणं-बसणं कमी होतं, विश्रांतीतला ऊर्जाखर्चही थोडा उतरतो. त्यामुळे काटा स्थिर दिसतो. ही स्थिरता शरीराने काटकसर करून मिळवलेली असते, आणि काटकसरीत पहिला बळी ताकद वाढवण्याच्या कामाचा जातो.

11 जानेवारी, शनिवार

आज जड स्क्वॉटचा दिवस. 77.5 किलोवर 5 रेप्सचे 4 सेट. ऑक्टोबरमधल्या तिच्या डायरीत हेच वजन, हेच सेट आहेत, त्यामुळे तुलना सोपी झाली.

प्रत्येक सेटनंतर 'दहापैकी किती जड गेला' हे आम्ही लिहितो. ऑक्टोबरमध्ये आकडे होते 7, 7, साडेसात, 8. आज साडेसात, साडेआठ, 9, आणि चौथ्या सेटला चौथ्या रेपवर बार रॅकवर ठेवायला सांगितला. ऑक्टोबरमध्ये सेटच्या मध्ये तीन मिनिटं पुरत होती. आज तिने पाच मिनिटं घेतली तरी श्वास बसला नव्हता.

पहिला सेट मात्र जवळजवळ तसाच होता. बहुतेक जण इथेच फसतात. कमी खाणाऱ्याची एका रेपची ताकद लगेच पडत नाही, कित्येक महिने टिकून राहते. आधी ढासळतं ते नंतरच्या सेटमधलं काम आणि दोन दिवसांच्या मधलं सावरणं. वाढ तर त्याच कामातून येते. ते काम दर आठवड्याला थोडं थोडं घटलं, तर कमाल वजन अडून बसणार हे ठरलेलंच.

जुन्या पानांत अजून एक गोष्ट सापडली. तिचे सगळ्यात वाईट दिवस शनिवारचेच आहेत. बुधवारचं डेडलिफ्ट वाईट असलं तरी सहन होण्याइतकं. याचं कारण शोधायचं.

25 जानेवारी, शनिवार

खाण्याकडे बोट दाखवण्याआधी साध्या थकव्याची शक्यता काढून टाकायला हवी होती. म्हणून संक्रांतीचा आठवडा हलका ठेवला. सेट निम्मे, वजन दहा-पंधरा टक्क्यांनी कमी. नुसता साचलेला थकवा असेल तर अशा आठवड्यानंतर माणूस ताजा होऊन परततो आणि पुढचे दोन-तीन आठवडे चांगले जातात.

सोमवारी ती खरंच ताजी होती. बुधवारी ठीक. आज पुन्हा तिसऱ्या सेटला 9. एका आठवड्याची विश्रांती पाच दिवसांत संपली. याचा अर्थ मी असा लावते: थकवा उतरवायला जागा दिली, पण भरून काढायला माल नव्हता.

संध्याकाळच्या बॅचमधल्या एका मुलाची गोष्ट इथे ताडून बघण्यासारखी आहे. त्याचाही बेंच चार महिने 80 वर आहे. पण त्याचा स्क्वॉट वाढतोय, डेडलिफ्ट वाढतंय, झोप चांगली, भूक राक्षसासारखी. त्याचा बार छातीवरून उठतो आणि अर्ध्यात अडतो, आणि तो आठवड्यातून एकदाच बेंच करतो. त्याला खाणं वाढवायला सांगणं म्हणजे निव्वळ पोट वाढवणं. त्याला बेंचचा दुसरा दिवस हवा. एकच लिफ्ट अडली असेल तर मी आधी तंत्र आणि कार्यक्रम बघते. सगळे लिफ्ट एकदमच अडले, तर जिमबाहेर बघते.

28 जानेवारी, मंगळवार

आज तिला जिमच्या वेळेनंतर बसवून घेतलं आणि निवांत विचारलं. प्रश्न मुद्दाम खाण्यापासून सुरू केले नाहीत, कारण "कमी खातेस का?" म्हटलं की उत्तर एकच येतं.

झोप? लागते, पण पहाटे तीन-साडेतीनला जाग येते, पोटात काहीतरी हवंसं वाटतं, मग पाणी पिऊन पडून राहते. थंडी? "ताई, वर्गात सगळे पंखा लावतात आणि मी स्वेटर घालून बसते." जानेवारीत कोल्हापूरला गारवा असतोच, म्हणून हे लक्षण सध्या अर्धंच धरते, मार्चमध्ये पुन्हा विचारीन. पोट साफ? दोन-तीन दिवसांनी एकदा. चिडचिड? यावर ती हसली आणि म्हणाली, रूममेटला विचारा. दिवसभर खाण्याचा विचार येतो का? हो, लेक्चरमध्ये जेवणाच्या रील बघते.

मग पाळी. आधी 29-30 दिवसांची होती. दिवाळीच्या सुमारास 40 दिवसांवर गेली. नोव्हेंबरच्या मध्यानंतर आलेलीच नाही. तिला वाटत होतं, व्यायाम करणाऱ्या मुलींचं असं होतंच.

हे मी तिला स्पष्ट सांगितलं: होतं, पण चालतं असं नाही. ऊर्जा पुरत नाही असं दिसलं की मेंदूतून अंडाशयाला जाणारे संकेत मंदावतात. इस्ट्रोजेन उतरतं आणि त्याची झळ हाडांना लागते. पावलाच्या नाहीतर नडगीच्या हाडाला बारीक तडा जाऊन अशा मुली वर्ष वर्ष बाहेर बसतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 साली या सगळ्या प्रकाराला 'रेड-एस' असं नाव दिलं, म्हणजे खेळातली सापेक्ष ऊर्जा-कमतरता. त्याआधी तो फक्त स्त्री खेळाडूंचा प्रश्न मानला जायचा. पुरुषांनाही होतो. त्यांच्यात पाळीसारखी ठळक खूण नसते, पण कामेच्छा मंदावणं आणि सकाळी लिंगाला येणारा ताठरपणा कमी होणं ही त्यांची खूण. मुलं मला हे सांगणार नाहीत, म्हणून सकाळच्या बॅचच्या सरांना त्यांच्या मुलांना विचारायला सांगितलंय.

गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर मात्र पाळीच्या खुणेचा उपयोग नाही, कारण तो रक्तस्राव गोळ्यांमुळे येतो. तिला गोळ्या चालू नाहीत.

उपवास? "शुक्रवारी धरते, अंबाबाईचा." दिवसभर काय खातेस? दोन चहा, एखादं फळ, रात्री खोलीवर थोडी भगर.

शुक्रवारी असा उपवास आणि शनिवारी सकाळी जड स्क्वॉट. शनिवारचं कोडं सुटलं.

10 फेब्रुवारी, सोमवार

गेला आठवडाभर तिने सगळं मोजून लिहिलं. स्वयंपाकघरातला छोटा काटा माझा दिला. मेसचा डबाही उघडून मोजला: तीन चपात्या, एक भाजी, वाटीभर आमटी, वाटीभर भात. त्यातला भात ती ठेवून देते, कारण "भाताने वजन वाढतं."

सात दिवसांची सरासरी सुमारे 1550 कॅलरी निघाली. शुक्रवार 900 च्या आसपास. तिचा स्वतःचा अंदाज 2000 होता. प्रथिनं साधारण 50 ग्रॅम.

आता हिशेब. व्यायामात गेलेली ऊर्जा वजा केल्यावर शरीराच्या बाकी कामांना किती उरतं, हे चरबी वगळून उरलेल्या वजनाशी ताडायचं. तिचं वजन 57 धरलं आणि चरबी अंदाजे 24 टक्के, तर उरतं 43 किलो. आठवड्याची चार सत्रं आणि रोजची रंकाळ्यावरची भरभर फेरी मिळून दिवसाला सरासरी 320 कॅलरी खर्च धरला.

1550 − 320 = 1230
1230 ÷ 43 ≈ 28.6

निरोगी स्त्रियांवरच्या अभ्यासांत 45 च्या आसपास सगळं सुरळीत चालतं आणि 30 च्या खाली संप्रेरकं बिघडू लागतात असं दिसलं आहे. शुक्रवारी ती रंकाळ्याची फेरीच करते, व्यायाम नसतो, तरी त्या दिवसाचा आकडा 17-18 येतो.

या एकट्या आकड्यावर मी निकाल देणार नाही. चरबीचा अंदाज 24 ऐवजी 28 टक्के धरला तर तोच आकडा 30 होतो. व्यायामाचा खर्च अंदाजाचाच आहे. लिहायला लागलं की माणसं काही पदार्थ विसरतात, काही मुद्दाम टाळतात, त्यामुळे खरं खाणं याहून थोडं जास्तही असेल. 30 ही काही भिंतही नाही, काहींना त्याच्या वरही त्रास होतो. पण आकडा, पाळी, झोप, थंडी, शनिवार आणि हलक्या आठवड्यानंतरची घसरण, ही सगळी एकाच दिशेला बोट दाखवतात. मला तेवढं पुरे.

काटा आज परत घेतला. शेवटच्या दोन दिवसांत ती आकडा कमी आला की खूश होत होती, हे तिच्या लिहिण्यावरून दिसलं. अशा माणसाकडून रोज कॅलरी मोजून घेणं घातक आहे. इथून पुढे वाट्या आणि चपात्या मोजायच्या, कॅलरी नाही.

14 फेब्रुवारी, शुक्रवार

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन आली. मीच आग्रह धरला होता. तीन महिने पाळी नाही म्हटल्यावर कोचने आपल्या अंदाजावर बसू नये, कारण गर्भधारणा, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, पीसीओएस यांतलं काहीही असू शकतं. गर्भधारणा नाही, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन ठीक, सोनोग्राफीत पीसीओएससारखं काही नाही, हिमोग्लोबिन 12.4, लोहाचा साठाही प्रयोगशाळेच्या मर्यादेत. डॉक्टरांनीही खाणं वाढवायला आणि तीन महिन्यांनी परत यायला सांगितलं.

लोह बघून घेतलं हे बरं झालं. लोह कमी असतं तरी हीच दमछाक दिसली असती, आणि मी भाताच्या मागे लागले असते.

17 फेब्रुवारी, सोमवार

आजपासून बदल सुरू. नियम एकच: कार्यक्रमाला हात लावायचा नाही. तीच वजनं, तेच सेट, तेच दिवस. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

45 च्या हिशेबाने तिला दिवसाला सुमारे 2250 लागतात, म्हणजे आजच्यापेक्षा 700 जास्त. एकदम 700 टाकले तर पोट फुगेल आणि ती घाबरून सोडून देईल. म्हणून आधी साधारण 350: सकाळी व्यायामाआधी म्हशीच्या दुधाचा मोठा पेला आणि एक केळं. आजवर ती उपाशीपोटीच सत्र करत होती. दोन आठवड्यांनी डब्यातला भात परत येईल, त्यासोबत दोन अंडी आणि भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी.

प्रथिनं नंतर हळूहळू 90 ग्रॅमपर्यंत न्यायची आहेत. पण तिने आधीच विचारलं, "ताई, नुसता प्रोटीन पावडरचा डबा आणू का?" नाही म्हणाले. एकूण ऊर्जा कमी असताना शरीर प्रथिनंही जाळतं, आणि पावडर घेऊन पोट भरलं की भात, चपाती अजूनच मागे पडतात. तिला आधी पिष्टमय पदार्थ हवेत. पाच रेप्सचे चार सेट स्नायूंत साठलेल्या साखरेवर, म्हणजे ग्लायकोजेनवर चालतात.

गंगावेशच्या दूध कट्ट्यावर समोर म्हैस पिळून दूध देतात त्या गावात, तालमीतल्या पोरांच्या तुपा-बदामाच्या थंडाईच्या गोष्टी ऐकत वाढलेली मुलगी उपाशीपोटी बार उचलते, याचं मला खरंच वाईट वाटतं. पैलवानाला खुराक लागतो हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. पोरीला तो लागतो हे मात्र सांगावं लागतं.

24 फेब्रुवारी, सोमवार

वजन 57.7. एका आठवड्यात जवळपास एक किलो. सकाळी सातला फोन, आवाज रडवेला: "ताई, गट गेला माझा."

तिला जे सांगितलं ते इथेही लिहून ठेवते. 350 कॅलरी रोज जास्त, म्हणजे आठवड्यात 2450. सगळीच्या सगळी चरबी झाली तरी एक तृतीयांश किलोच्या आसपास होईल. मग बाकीचं काय? रिकामं ग्लायकोजेन भरतंय आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं. शिवाय आतड्यांत जास्त अन्न आहे. ही उडी पहिल्या दोन आठवड्यांची असते, नंतर चढण सपाट होते. इथे घाबरून जे परत खाणं कमी करतात त्यांना उत्तर कधीच मिळत नाही.

गटाचं मी आधीच ठरवलं होतं, आज तिला सांगितलं. या वर्षी 63 मध्ये खेळायचं. 57 मध्ये राहण्यासाठी जे करावं लागतंय त्यानेच 57 मधला आकडा अडलाय. ती नाराज आहे. राहू दे.

1 मार्च, शनिवार

बुधवारी महाशिवरात्र होती, काल शुक्रवार, म्हणजे या आठवड्यात दोन उपवास. उपवास सोडायला मी सांगितलं नाही, तो माझा अधिकार नाही आणि त्याची गरजही नाही. आपल्या उपवासाच्या पदार्थांत ऊर्जा भरपूर असते. शेंगदाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, भगर आणि दाण्याची आमटी, उकडलेली रताळी, दूध, खजूर. चहावर दिवस काढला तरच ती अडचण होते. दुपारी खिचडी, संध्याकाळी रताळी आणि दूध, रात्री भगर-आमटी, असं ठरलं आणि तिने ते पाळलं.

आजचे चार सेट: 7, साडेसात, 8, साडेआठ. चौथ्यात पाचही रेप्स. जानेवारीनंतरचा पहिला शनिवार, ज्यात शेवटचा सेट पूर्ण झाला.

यावरून लगेच उड्या मारत नाही. ग्लायकोजेन भरलं की नंतरचे सेट आठवड्या-दोन आठवड्यांत सुधारतात, आणि आजचा दिवस एवढंच सांगतो. स्नायू वाढायला आणि संप्रेरकं रुळावर यायला महिने लागतात.

15 मार्च, शनिवार

भात सुरू होऊन दोन आठवडे. वजन 58.3, चढण मंदावली आहे. पहाटेची जाग आठवड्यातून एखाद्या वेळीच. पोट रोज साफ. ऊन तापायला लागलंय, मी पुन्हा थंडीचं विचारलं. स्वेटर कपाटात गेलाय, आता बोटं गार पडत नाहीत म्हणाली.

मधला आठवडा मात्र वाईट गेला. प्रॅक्टिकल परीक्षा, दोनदा डबा चुकला, बुधवारी 112.5 चं डेडलिफ्ट गुडघ्यापर्यंत येऊन थांबलं. सुधारणेची रेघ सरळ नसते, आणि एका वाईट बुधवारवरून निष्कर्ष काढायचा नाही.

सेट आता सातत्याने 7-8 मध्ये आहेत. म्हणून आज पहिल्यांदा बारवर वजन वाढवलं, 80 किलो.

5 एप्रिल, शनिवार

पाळी आली, गुरुवारी. तिने मेसेज नाही केला, जिममध्ये येऊन कानात सांगितलं. एकदा आली म्हणजे गाडी रुळावर आली असं नाही, सलग तीन तरी नियमित यायला हव्यात. डॉक्टरांना कळवायला सांगितलं.

आज 82.5 वर 5 रेप्सचे 4 सेट, शेवटचा 8.

19 एप्रिल, शनिवार

चाचणी. वजन 58.9.

स्क्वॉट 95 असा उठला की बाजूला उभ्या असलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. 100 गेला, जड पण सरळ. 102.5 खालीच राहिला. बेंच 50. डेडलिफ्ट 117.5, त्यात पकड सुटत होती, पाठ नाही.

यातला किती वाटा अन्नाचा? कार्यक्रमाची रचना तीच ठेवली होती, म्हणून मोठा वाटा त्याचाच धरते. पण वजन दोन किलो वाढलं की थोडी ताकद तशीही वाढते, आणि उपाशीपोटी सत्र करणं थांबलं हा बदलही त्यातच मिसळलाय. ते वेगळं काढायला माझ्याकडे मार्ग नाही. शिवाय हे एका मुलीचं आहे. तिच्यात खुणा ढीगभर होत्या. ज्याची झोप चांगली, पाळी वेळेवर, भूक साधी, हलक्या आठवड्यानंतर ताकद परत येते आणि एकच लिफ्ट अडलाय, त्याला या वहीतलं काही लागू करू नये.

तिचा आजचा प्रश्न: आता भात बंद करून 57 ला परत जाता येईल का? मे मध्ये डॉक्टरांकडची फेरी आहे. तीन पाळ्या नियमित होईपर्यंत वजन उतरवण्याचा विषय काढायचा नाही, असं दोघींनी वहीत लिहून सही केली आहे. सोमवारपासून जड स्क्वॉट 85, दूध-केळं तसंच, आणि डेडलिफ्टसाठी पकडीचं काम वेगळं सुरू.